बावन्न पाठ, त्यातले नऊ: गणित शिक्षिकेच्या एका अर्जाचं प्रकरण

जून सरत आला होता. उन्हामुळे विदर्भातल्या शाळा बाकी महाराष्ट्रानंतर उघडतात, त्यामुळे नागपुरात शिक्षक भरतीच्या छोट्या जाहिरातीही जरा उशिराच दिसू लागतात. त्या दिवशीच्या पेपरात अशीच एक चौकट होती. कनिष्ठ महाविद्यालयाकरिता गणित शिक्षक, एक जागा, विज्ञान शाखा, विनाअनुदानित, पात्रता शासन नियमानुसार, सात दिवसांत अर्ज करावा. दुपारी कूलरसमोर बसलो होतो, तर गल्लीतली मुलगी ती चौकट कापून आणि सोबत स्वतःचा टाईप केलेला अर्ज घेऊन आली. "काका, एवढा अर्ज पाहून द्या ना. उद्याच देऊन टाक म्हणते आई."

मी सत्तावीस वर्षं अकरावी-बारावीला गणित शिकवलं, शेवटची काही वर्षं पर्यवेक्षक होतो. मुलाखतीच्या टेबलाच्या त्या बाजूला बऱ्याचदा बसलो आहे. त्यामुळे तिच्या अर्जावर पुढचे दोन दिवस जे काम झालं, ते इथे सविस्तर मांडतो. मुलीचं आणि संस्थेचं नाव देत नाही. त्याची गरजही नाही.

मुलगी हुशार. बी.एस्सी.ला गणित, भौतिकशास्त्र आणि संख्याशास्त्र, मग गणितात एम.एस्सी. प्रथम श्रेणीत, आणि नुकतंच संपलेलं बी.एड. नोकरीचा अनुभव शून्य. म्हणजे तिच्या हातात सांगण्यासारखं एकच होतं, बी.एड.मध्ये घेतलेले सराव पाठ. तिला ते कळत होतं आणि अर्जात तिने भर त्यावरच दिला होता. तिच्या अर्जाचा मुख्य परिच्छेद असा होता:

"उपरोक्त विषयान्वये विनंतीपूर्वक अर्ज सादर करते की, मी गणित विषयाची पदवीधर असून मला लहानपणापासून अध्यापनाची आवड आहे. बी.एड. प्रशिक्षणादरम्यान मी एकूण ५२ पाठ यशस्वीरीत्या घेतले असून विषयप्रवेश, प्रश्नकौशल्य, प्रबलन, उद्दीपन बदल, फलकलेखन इत्यादी अध्यापन कौशल्ये आत्मसात केली आहेत. मी मेहनती, प्रामाणिक व विद्यार्थिप्रिय आहे. तरी मला सेवेची संधी द्यावी ही नम्र विनंती."

वाचायला काही खटकत नाही. पण या चार वाक्यांत तीन ठिकाणी अर्ज अडकतो.

पहिली अडचण "पदवीधर" या शब्दाची. कनिष्ठ महाविद्यालयाच्या पूर्णवेळ शिक्षकाला त्या विषयाची पदव्युत्तर पदवी लागते, किमान द्वितीय श्रेणीत, आणि सोबत बी.एड. नुसत्या बी.एस्सी. बी.एड.वर माध्यमिक शाळेत गणित शिकवता येतं, अकरावी-बारावीला नाही. तिच्याकडे एम.एस्सी. होतं, पण ते शेवटी "सोबत जोडलेली कागदपत्रे" या यादीत चौथ्या क्रमांकावर. आता अर्ज आल्यावर काय होतं ते पाहा. कार्यालयातले बाबू आधी छाननीचा तक्ता भरतात: नाव, पदव्युत्तर विषय, श्रेणी, बी.एड., प्रवर्ग, अनुभव. गठ्ठा मोठा असला की ते पहिला परिच्छेद वाचतात आणि तक्त्यात लिहितात. पहिल्याच ओळीत "पदवीधर" दिसलं, की पदव्युत्तरच्या रकान्यात आडवी रेघ पडण्याची भीती. पुढे कोणी गुणपत्रिका उलटून पाहिली तर नशीब.

मी म्हटलं, "एम.एस्सी. लपवून का ठेवलं?" तर म्हणे, "लपवलं कुठे, झेरॉक्स लावून राहिली ना."

इथे एक गोष्ट सांगायला हवी. अर्जाच्या पत्राला वजन असतं ते अशा विनाअनुदानित किंवा स्वयंअर्थसहाय्यित जागेला, किंवा तासिका तत्त्वावरच्या नेमणुकीला. अनुदानित जागेची वाट वेगळी. तिथे आधी शिक्षक अभियोग्यता व बुद्धिमत्ता चाचणी, म्हणजे २०० गुणांची टेट, आणि मग शासनाचं शिक्षक भरतीचं पवित्र पोर्टल. तिथे नुसतं सुंदर पत्र घेऊन दारात उभं राहण्यात अर्थ नाही. तिने टेट दिलेली नव्हती, आणि ही जागा तशी नव्हतीच.

दुसरी अडचण कौशल्यांच्या यादीची. विषयप्रवेश, प्रबलन, उद्दीपन बदल ही सूक्ष्म अध्यापनातली नावं आहेत. बी.एड. झालेल्या प्रत्येकाने ती केलेली असतात, कारण ती करावीच लागतात. सहा मिनिटं पाठ, सहा मिनिटं प्रत्याभरण, बारा मिनिटं पुन्हा नियोजन, सहा मिनिटं पुनर्पाठ, सहा मिनिटं पुन्हा प्रत्याभरण, असं छत्तीस मिनिटांचं चक्र. समोर बसलेले असतात आपलेच वर्गमित्र, आठवीतली मुलं झाल्याचं सोंग घेऊन. (या सोंगातली मुलं फार गुणी असतात. फळ्याकडे पाठ फिरली तरी कोणी रबर फेकत नाही.) सराव म्हणून ते चांगलंच आहे. पण मुलाखतीतले सगळे त्यातूनच गेलेले असतात, त्यामुळे ती यादी वाचून उमेदवाराबद्दल नवीन काहीच कळत नाही.

तिसरी अडचण सगळ्यात मोठी, आणि ती मला तिची पाठ टाचण वही उघडल्यावर दिसली.

बावन्न पाठ खरेच होते. प्रत्येक टाचणाखाली मार्गदर्शक शिक्षकांची सही आणि शेरा होता. मी पेन्सिल घेतली आणि इयत्तेप्रमाणे मोजले. आठवीचे बारा. नववीचे एकतीस, त्यातही बहुतेक भूमिती. अकरावी विज्ञानचे नऊ. बारावीचा एकही नाही. बी.एड.च्या दुसऱ्या वर्षात सोळा आठवड्यांची शालेय इंटर्नशिप असते, ती तिने कनिष्ठ महाविद्यालय जोडलेल्या एका शाळेत केली होती. तिथल्या अकरावीच्या मॅडम रजेवर गेल्या आणि हिच्याकडे एम.एस्सी. होतं म्हणून "सीमा", म्हणजे लिमिट्सचा धडा हिच्या वाट्याला आला. ते नऊ पाठ हे तिचं खरं भांडवल होतं, आणि अर्जात त्यांचा उल्लेखच नव्हता.

"नऊच आहेत ना काका. कमी दिसतील म्हणून मी सगळे मिळून लिहिले."

ही चूक बहुतेक उमेदवार करतात आणि ती मुलाखतीत पकडली जाते. अर्जात नुसते "बावन्न पाठ" असले, की टेबलापलीकडचा माणूस पहिला प्रश्न विचारतो, "कोणत्या इयत्तेला?" उमेदवार "आठवी ते अकरावी" म्हणाला की दुसरा प्रश्न, "अकरावीला किती?" तिसऱ्या प्रश्नाला वही मागतात. तोवर नऊ हा आकडा नऊ राहत नाही, लपवलेले नऊ होतो. तोच आकडा उमेदवाराने स्वतः अर्जात लिहिला असला, की त्यावर उलटतपासणी होत नाही, पुढचं बोलणं सुरू होतं. म्हणून आम्ही ठरवलं: बावन्न, त्यातले नऊ अकरावीचे, बारावीचा नाही, हे सरळ लिहायचं.

मग प्रश्न उरला, त्या नऊ पाठांबद्दल काय सांगायचं. मी तिला म्हटलं, त्यातला फसलेला पाठ कोणता ते सांग. ती जरा थांबली आणि मग खुलून बोलायला लागली. अर्जाचं खरं काम त्या अर्ध्या तासात झालं.

पाठ होता sin θ / θ या गुणोत्तराच्या सीमेचा. θ शून्याकडे जाताना ही किंमत 1 कडे जाते, हे प्रमेय. तिने फळ्यावर एकक वर्तुळ काढलं, आतला त्रिकोण, मधला वर्तुळपाकळीचा भाग, बाहेरचा त्रिकोण, तिघांची क्षेत्रफळं एकाखाली एक मांडली आणि चाळीस मिनिटांत सिद्धता पूर्ण केली. वर्ग शांत. मार्गदर्शक मॅडमचा शेरा: "मांडणी उत्तम. विद्यार्थी सहभाग नाही." दुसऱ्या दिवशी तिने चिठ्ठीवर एकच प्रश्न दिला, sin 3x / x ची सीमा काढा. वर्गात त्रेचाळीस मुलं होती. उत्तर 3. सतरा जणांचं बरोबर आलं. पंधरा जणांनी 1 लिहिलं, कारण "साइन अपॉन तेच म्हणजे वन" एवढंच डोक्यात राहिलं होतं. सहा जणांनी वरचा आणि खालचा x कापून उत्तर लिहिलं: sin 3. उरलेल्या पाच चिठ्ठ्या कोऱ्या.

त्याच तासाला मागच्या बाकावरच्या एका मुलाने दादाचा कॅल्क्युलेटर आणला होता. तो म्हणाला, "मॅडम, वन येतच नाही. पॉइंट झिरो वन सेव्हन येऊन राहिलं." हिने बघितलं, "तुझा कॅल्क्युलेटर डिग्रीत आहे, रेडियनमध्ये कर," म्हटलं आणि पुढे गेली. उत्तर चूक नव्हतं. पण तास संपल्यावर मार्गदर्शक मॅडमनी विचारलं, "मग ते पॉइंट झिरो वन सेव्हन म्हणजे काय होतं?"

हिला सांगता आलं नाही. घरी जाऊन तिने π ला 180 ने भागलं. ०.०१७४५३.

पुढचा पाठ तिने इथूनच सुरू केला. फळ्याचे दोन भाग केले. डावीकडे अंश, उजवीकडे रेडियन. किंमती मुलांकडूनच काढून घेतल्या. दहा अंशाला ०.०१७३६५, पाच अंशाला ०.०१७४३१, एक अंशाला ०.०१७४५२. उजवीकडे ०.५ रेडियनला ०.९५८९ आणि ०.१ रेडियनला ०.९९८३. दोन्ही बाजू कुठेतरी जाऊन टेकत होत्या, फक्त वेगवेगळ्या ठिकाणी. मग तिने आधीची सिद्धता पुन्हा फळ्यावर मांडली आणि विचारलं, यातली कोणती ओळ अंशात खोटी ठरते? बराच वेळ कोणी बोललं नाही. शेवटी एक मुलगी म्हणाली, "सेक्टरचा एरिया." बरोबर. त्या पाकळीचं क्षेत्रफळ ½r²θ हे θ रेडियनमध्ये असेल तरच खरं. अंशात मोजलं तर तिथे π/180 येऊन बसतो, आणि तोच कॅल्क्युलेटरवर दिसला होता.

नंतर तिने 3x चा प्रश्न घेतला, पण आता वरचा कोन आणि खालचा कोन एकच आहे का हे आधी बघायचं, नसेल तर तो तसा करून घ्यायचा, एवढ्याच एका गोष्टीवर जोर दिला. दोन दिवसांनी पुन्हा चिठ्ठी: sin 5x / 2x. त्रेचाळीसपैकी एकतीस जणांनी 5/2 लिहिलं. अर्जात "८२ टक्के सुधारणा" लिहावं असं तिच्या मनात होतं. सतरावरून एकतीस म्हणजे चौदाची वाढ, सतराला चौदा म्हणून ८२. मी खोडलं. गणिताच्या शिक्षकाने गणिताच्या शिक्षकापुढे असला टक्का ठेवू नये. शिवाय दुसरी चिठ्ठी दोन दिवसांच्या सरावानंतरची होती, तेव्हा वाढ सगळी त्या एका पाठाचीच असं म्हणता येत नाही. पण प्रश्न बदललेला होता, हे महत्त्वाचं. तोच प्रश्न दिला असता, तर मुलांनी उत्तर पाठ करून लिहिलं असं कोणीही म्हणालं असतं.

हे सगळं ऐकल्यावर मी म्हटलं, हाच अर्ज आहे. आता एका पानात बसव.

एका पानावर माझा आग्रह असतो. दुसरं पान टाचणीखाली जातं आणि कोणी उलटत नाही. तिचा पहिला प्रयत्न पावणेदोन पानांचा झाला, कारण तिने वर्तुळाची आकृतीही काढली होती. आकृती गेली. रेडियनचा तक्ता गेला. दहावीच्या मुलांची घरी तीन वर्षं शिकवणी घेतली होती, ती एका ओळीत राहिली. शिकवणी हा अनुभवच, पण चार मुलांना चटईवर शिकवणं आणि चाळीस जणांचा वर्ग सांभाळणं यातला फरक टेबलापलीकडच्यांना चांगला ठाऊक असतो. तिसऱ्या खेपेला जे झालं ते असं:

प्रति,
मा. सचिव,
(संस्थेचे नाव), नागपूर

विषय: कनिष्ठ महाविद्यालयीन शिक्षक (गणित, विज्ञान शाखा) या पदासाठी अर्ज.
संदर्भ: दैनिकातील आपली जाहिरात, दिनांक ...

महोदय,

मी गणित विषयात एम.एस्सी. (प्रथम श्रेणी) आणि बी.एड. असून वरील पदासाठी अर्ज करीत आहे. बी.एस्सी.ला माझे विषय गणित, भौतिकशास्त्र आणि संख्याशास्त्र होते. पूर्णवेळ नोकरीचा अनुभव नाही. दहावीच्या विद्यार्थ्यांची तीन वर्षे घरी शिकवणी घेतली आहे.

बी.एड.मध्ये मी वर्गात एकूण ५२ पाठ घेतले: इयत्ता आठवीचे १२, नववीचे ३१ आणि अकरावी विज्ञानचे ९. बारावीला अद्याप शिकवलेले नाही. अकरावीचे सर्व पाठ "सीमा" या घटकावर असून पाठ टाचण वही मार्गदर्शक शिक्षकांच्या शेऱ्यांसह मुलाखतीस आणीन.

या नऊ पाठांपैकी एकाचा उल्लेख करते. sin θ / θ ची सीमा मी प्रथम केवळ सिद्धतेने शिकवली. दुसऱ्या दिवशी sin 3x / x या प्रश्नाचे उत्तर ४३ पैकी १७ विद्यार्थ्यांचे बरोबर आले. १५ जणांनी 1 तर ६ जणांनी x कापून sin 3 लिहिले. एका विद्यार्थ्याला कॅल्क्युलेटरवर 1 ऐवजी ०.०१७ मिळाले, त्याचे पूर्ण कारण मी त्या वेळी सांगू शकले नाही. पुढील पाठ मी त्याच संख्येपासून सुरू केला, अंश व रेडियन यांतील किमती विद्यार्थ्यांकडून काढून घेतल्या आणि सिद्धतेतील कोणती पायरी केवळ रेडियनमध्ये खरी आहे हे त्यांना शोधायला लावले. दोन दिवसांनी sin 5x / 2x या वेगळ्या प्रश्नाचे उत्तर ३१ जणांचे बरोबर आले. उरलेल्या १२ जणांपैकी बहुतेकांची अडचण अपूर्णांकांच्या गुणाकाराची होती. त्यासाठी वेगळा तास घेणे मला जमले नाही.

पाठ निरीक्षणासाठी अकरावी किंवा बारावीचा कोणताही घटक दिल्यास मी तयारीने येईन.

आपली विश्वासू,
(सही)

सोबत: एम.एस्सी. व बी.एड. गुणपत्रिका, बी.एस्सी. पदवी प्रमाणपत्र, शाळा सोडल्याचा दाखला, सर्व स्व-साक्षांकित प्रती.

यातली दोन वाक्यं तिला शेवटपर्यंत खुपत होती. "कारण मी सांगू शकले नाही" आणि "वेगळा तास घेणे जमले नाही." तिची आई तर म्हणाली, "नोकरी मागाले चालली का चुका सांगाले?" मी ती ठेवायलाच लावली. ही कबुली दाखवण्यासाठी नाही. ती काढली तर मधली गोष्टच तुटते. मुलाचा प्रश्न आला, तिला उत्तर आलं नाही, म्हणून तिने पाठ बदलला. हा मधला दुवा गाळला तर उरतं फक्त "मी नावीन्यपूर्ण पद्धतीने शिकवलं", आणि ते वाक्य प्रत्येक अर्जात असतं. बारा जणांबद्दलचं वाक्य वेगळ्या कारणासाठी. चिठ्ठ्या तपासून नुसती बेरीज करणारा शिक्षक आणि चुकलेल्या चिठ्ठ्या पुन्हा उघडून पाहणारा शिक्षक यांच्यातला फरक त्या एका ओळीत दिसतो. हे तिने खरंच केलं होतं. केलं नसतं तर मी लिहू दिलं नसतं, कारण पुढचा प्रश्न हमखास येणार, "कोणत्या अपूर्णांकात अडत होते?"

तो आलाच.

चौथ्या दिवशी बोलावणं आलं. समोर संस्थेचे सचिव, प्राचार्या आणि बाहेरून आलेले गणिताचे एक निवृत्त सर, असे तिघं. गणिताच्या सरांनी अर्जावर पेनाने खूण करून ठेवली होती, आणि खूण होती "sin 3" वर. त्यांचा पहिला प्रश्न, x कापणाऱ्या मुलाला तुम्ही काय सांगाल? ती म्हणाली, मी त्याला sin 30 मधला 30 बाहेर काढून दाखव म्हणते. sin हे कशाला गुणलेलं नाही, ते त्या कोनावर केलेलं काम आहे, हे त्याला तिथेच कळतं. सर हसले. दुसरा प्रश्न अपूर्णांकांचा. तिने सांगितलं की 5/2 ने गुणायचं आणि भागायचं कुठे, यात मुलं अडत होती, वर 5 ने गुणलं की खालीही 5 येतो हे विसरत होती. "नऊच पाठ?" असं तिघांपैकी कोणीही विचारलं नाही. बारावीचं विचारलं, तिने नाही म्हटलं, विषय संपला.

मग पंधरा मिनिटांचा पाठ. घटक दिला बारावीचा, रेषांची जोडी. तिने संयुक्त समीकरणापासून सुरुवात केली, ax² + 2hxy + by² = 0 मध्ये y/x ला m मानून वर्गसमीकरण केलं, चढ काढले. फळा नीट, अक्षर मोठं, वेळेत संपवलं. आणि इथे फसली, ते माझ्यामुळे.

पाठ तिने सगळा इंग्रजीत घेतला. विज्ञान शाखेचं गणित इंग्रजीत शिकवायचं असतं, पुस्तक इंग्रजी, पेपर इंग्रजी, म्हणून तिला ते योग्यच वाटलं. प्राचार्यांनी पाठ संपल्यावर विचारलं, "आमच्याकडे निम्मी मुलं मराठी माध्यमातून, सेमी इंग्रजीतून येतात. स्लोप म्हटलं की त्यांना चढ आठवतो की नाही, हे तुम्ही कसं बघाल?" तिला काही सुचेना. गंमत अशी, की इंटर्नशिपमध्ये ती हेच रोज करत होती. व्याख्या इंग्रजीत फळ्यावर, बोलणं मराठीत, मुलांची उत्तरं जशी येतील तशी आणि मग ती इंग्रजीत लिहून घेणं. "सेक्टरचा एरिया" हे त्या मुलीचं उत्तर त्याच सवयीतून आलेलं. वहीत सापडलं असतं. पण तिला ते सांगण्यासारखं काही वाटलंच नाही, आणि मीही कधी विचारलं नाही. सत्तावीस वर्षं मी स्वतः तसंच शिकवत आलो, म्हणून माझ्या डोळ्यांना ते दिसतच नाही.

पूर्णवेळ जागा दुसऱ्या उमेदवाराला मिळाली, बारावीचा दोन वर्षांचा अनुभव असलेल्या. हिला आठवड्याभराने फोन आला: अकरावीच्या दोन तुकड्या, तासिका तत्त्वावर, घ्याल का? घेतल्या. संध्याकाळी पेढे घेऊन आली आणि बसल्याबसल्या अर्जाची फाईल मोबाईलवर उघडून नऊ पाठांच्या वाक्यानंतर एक ओळ वाढवली, पुढच्या वेळेसाठी: "वर्गातील बहुतेक विद्यार्थी मराठी माध्यमातून आलेले असल्याने चर्चा मराठीत व लेखन इंग्रजीत अशा पद्धतीने पाठ घेतले; दर तासाला नवीन संज्ञांचे मराठी-इंग्रजी जोडशब्द फळ्याच्या उजव्या कोपऱ्यात लिहून ठेवत असे."

मी विचारलं, हा उजवा कोपरा कधीपासून? म्हणे, "पहिल्याच दिवसापासून, काका. तुम्ही वही पाहिली ना, टाचणाच्या समासात लिहिलेलं आहे सगळं."